भांडणानंतरचा अबोला आणि उसंत

भांडण चालू असताना अचानक गप्प होणारा जोडीदार बाहेरून थंड दिसतो. चेहरा निर्विकार, नजर जमिनीवर नाहीतर मोबाइलवर, प्रश्नाला उत्तर नाही. समोरच्याला त्याचा एकच अर्थ लागतो, तो म्हणजे याला कशाचे काही पडलेले नाही. प्रत्यक्षात त्याच क्षणी अशा माणसाच्या हृदयाचे ठोके मोजले तर ते बऱ्याचदा धावत असलेले आढळतात. चेहरा आणि शरीर यांच्यातली ही तफावत कळली, की अबोल्याचे बरेचसे कोडे सुटते.

ही तफावत प्रयोगशाळेत नोंदवली गेली ती अमेरिकेत. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात नवरा-बायकोंना समोरासमोर बसवून त्यांच्यातल्या खऱ्याखुऱ्या वादाच्या विषयावर बोलायला लावले. विषय घरगुतीच असत: पैसे, सासर-माहेर, मुले, कामाची वाटणी. बोलणे चालू असताना दोघांच्याही अंगाला उपकरणे जोडलेली असत आणि हृदयाची गती, घाम, हालचाल यांची क्षणाक्षणाला नोंद होई. शिवाय चित्रीकरण होई, आणि नंतर ते पाहून प्रत्येक हावभावाचे वर्गीकरण केले जाई. पुढे सिअ‍ॅटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात गॉटमन यांनी हे काम अनेक वर्षे चालवले.

या वर्गीकरणात गप्प बसण्याला एक स्वतंत्र खाना होता आणि त्याला ‘स्टोनवॉलिंग’ हे नाव मिळाले. मराठीत त्याला भिंत घालणे म्हणता येईल. या शब्दाची मूळ व्याप्ती लहान आहे. ऐकणारा माणूस एरवी सतत काहीतरी पोचपावती देत असतो. तो मान हलवतो, ‘हं’ म्हणतो, भुवया उंचावतो, मधेच ‘पण तसं नव्हतं’ म्हणतो. भिंत घालणाऱ्याकडून यातले काहीच येत नाही. मान ताठ, ओठ मिटलेले, नजर दुसरीकडे. म्हणजे प्रयोगशाळेतली भिंत ही भांडणाच्या ऐन मध्यावर, काही मिनिटांत उभी राहणारी गोष्ट होती. चार-चार दिवस चालणाऱ्या अबोल्यालाही आता लोक तेच नाव देतात, आणि गोंधळाला सुरुवात इथेच होते. मिनिटांची भिंत आणि दिवसांचा अबोला यांची कारणे पुष्कळदा वेगळी असतात.

आधी मिनिटांच्या भिंतीचे पाहू. टीका, टोमणा किंवा चढलेला आवाज यांना शरीर धोका समजते. अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात उतरतात, हृदय वेगाने धावू लागते, स्नायू आवळले जातात, श्वास उथळ होतो. गॉटमन यांनी या अवस्थेला ‘फ्लडिंग’ म्हटले. सोप्या भाषेत, डोक्यावरून पाणी जाणे. बसलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १००च्या पुढे गेले की ही अवस्था आली, असा त्यांचा ढोबळ निकष आहे. कसून व्यायाम करणाऱ्यांची नाडी मुळातच मंद असते, त्यामुळे त्यांच्यात ती ८०च्या आसपासही येऊ शकते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी घेणाऱ्यांना मात्र या मोजमापाचा उपयोग नाही, कारण ती गोळीच ठोके वाढू देत नाही.

या अवस्थेत माणूस नीट ऐकू शकत नाही. समोरच्याचे वाक्य कानावर पडते, पण त्यातला दोषारोप तेवढा मनात शिरतो आणि उरलेला मजकूर गळून जातो. विनोद सुचत नाही, दुसऱ्याच्या जागी उभे राहता येत नाही, सुचते ते आधी दहादा बोलून झालेले. अशा वेळी दोनच वाटा जवळच्या वाटतात. एक उलट ओरडण्याची, दुसरी आत शिरून दार लावून घेण्याची. भिंत घालणारा दुसरी वाट धरतो. ‘काही बोललो तर आणखी बिघडेल’ असा त्याचा हिशोब असतो, आणि कित्येकदा तो स्वतःला समजूतदारही मानत असतो. त्याच्या लेखी गप्प बसणे म्हणजे भांडण टाळणे. जोडीदाराच्या लेखी मात्र तो भांडणातला सर्वांत मोठा घाव असतो.

गॉटमन यांच्या निरीक्षणात भिंत घालणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के पुरुष होते. हा आकडा फार उद्धृत होतो आणि त्यावरून ‘पुरुष असेच’ असा निष्कर्ष काढणे सोपे असते. पण लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अँड्र्यू ख्रिस्टेन्सेन आणि ख्रिस्टोफर हीव्ही यांनी १९९०मध्ये एक साधा प्रश्न विचारला: बदल कोणाला हवा आहे? त्यांनी जोडप्यांना दोन विषयांवर बोलायला सांगितले. एका विषयात बायकोला नवऱ्याकडून बदल हवा होता, दुसऱ्यात नवऱ्याला बायकोकडून. बायकोची मागणी असलेल्या विषयावर बायको पाठ पुरवते आणि नवरा माघार घेतो हे नेहमीचे चित्र ठळक दिसले. नवऱ्याची मागणी असलेल्या विषयावर हा फरक जवळजवळ उरला नाही. याचा अर्थ, ज्याला आहे तीच व्यवस्था सोयीची आहे, त्याला बोलण्यातून काही मिळायचे नसते, म्हणून तो गप्प बसतो. घरकाम, मुलांचे संगोपन, सासरची जबाबदारी या बाबतींत चालू व्यवस्था कोणाला सोयीची आहे, हे पाहिले की ८५ टक्क्यांचा काही भाग तरी समजतो. गप्प बसण्यामागे घाबरलेले शरीर असते हे खरे, आणि त्यामागे सोयही असू शकते हेही तितकेच खरे.

मागणी आणि माघार यांचे चक्र एकमेकांवर चालते. एक जण जितका मागे लागतो तितका दुसरा आत जातो, आणि तो जितका आत जातो तितका पहिल्याचा आवाज चढतो. दोघांपैकी प्रत्येकाला वाटते की आपण केवळ समोरच्याला उत्तर देत आहोत. चक्राची सुरुवात कुठून झाली हे शोधण्यात अर्थ नसतो. ते थांबवायचे कुठे, एवढाच प्रश्न कामाचा.

आता एक जोडपे डोळ्यांसमोर आणू. ठाण्यातले दोन खोल्यांचे घर, दोघेही नोकरी करणारे, सात वर्षांची मुलगी. नवऱ्याने धाकट्या भावाला पन्नास हजार रुपये दिले आणि बायकोला ते बँकेच्या मेसेजवरून कळले. रात्रीची जेवणे झाल्यावर ती विषय काढते. “तू नेहमी असंच करतोस. तुझ्या घरच्यांपुढे मी कोणीच नाही.” तो सुरुवातीला म्हणतो, “त्याला अर्जंट होते.” ती म्हणते, “मग मला सांगायला काय झालं होतं?” तो टीव्हीचा आवाज वाढवतो. ती रिमोट काढून घेते. तो मोबाइल उघडतो. ती विचारते, “मी भिंतीशी बोलतेय का?” तो उठून आत जातो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. इथवरचा प्रकार अर्ध्या तासाचा आहे. त्याच्या हातून झाले ते भिंत घालणे, आणि बहुधा ते शरीराच्या उद्रेकातून झाले.

सकाळी उद्रेक उरलेला नसतो. झोप झाली, नाडी खाली आली. तरी तो बोलत नाही. डबा ओट्यावरून उचलतो आणि निघतो. दुपारी तिचा मेसेज येतो, त्यावर निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. संध्याकाळी मुलीला सांगितले जाते, “आईला म्हणावं, मला जेवायचं नाही.” हे तीन दिवस चालते. चौथ्या दिवशी तो “चहा टाकतेस का?” असे विचारतो आणि घर पुन्हा सुरू होते. पन्नास हजारांचा विषय मात्र जिथे होता तिथेच राहतो. पहिल्या रात्रीच्या गप्पपणाला शरीराचे कारण लावता येते. दुसऱ्या दिवसापासूनच्या गप्पपणाला ते लागू होत नाही. तो अबोला काहीतरी मिळवण्यासाठी चाललेला आहे. समोरच्याला शिक्षा व्हावी, त्याने आधी नमते घ्यावे, किंवा तो विषय पुन्हा निघूच नये. करणाऱ्याला स्वतःला हे स्पष्ट जाणवत असेलच असे नाही.

असा अबोला सोसणाऱ्यावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे किपलिंग विल्यम्स यांनी केला. माणसाला वगळण्याच्या परिणामांवर त्यांचे आयुष्यभराचे काम आहे. त्यांच्या प्रयोगात संगणकाच्या पडद्यावर चेंडू फेकण्याचा खेळ असतो. सुरुवातीला चेंडू सहभागी माणसाकडे येतो आणि मग इतर दोघे तो आपसांतच फेकू लागतात. खेळ काही मिनिटांचा, समोरचे खेळाडू अनोळखी, बक्षीस काही नाही. तरीही वगळलेल्या माणसाच्या मनातली चार गोष्टींची खात्री डळमळते: आपण कुणाचे तरी आहोत, आपली काही किंमत आहे, परिस्थिती थोडीफार आपल्या हातात आहे, आणि आपले अस्तित्व जाणवते आहे. अनोळखी लोकांच्या काही मिनिटांच्या खेळात हे घडत असेल, तर एकाच छताखाली राहणाऱ्या माणसाने तीन दिवस आपल्याला पाहूनही न पाहिल्यासारखे केल्यावर काय होत असेल, याचा अंदाज करायला प्रयोग लागत नाही. भांडणात निदान समोरचा आपल्याशी भांडत असतो.

गप्प बसणाऱ्यालाही हे फुकट पडत नाही. लेव्हन्सन यांच्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेत मध्यमवयीन आणि वयस्क अशा १५६ जोडप्यांवर २० वर्षे लक्ष ठेवले गेले. त्याचे निष्कर्ष २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. वादाच्या पंधरा मिनिटांच्या संवादात जे भिंत घालत, त्यांच्यात पुढच्या काळात पाठदुखी, मान आणि सांधे आखडणे अशा तक्रारी अधिक आढळल्या. रागाने उसळणाऱ्यांत हृदयाच्या तक्रारी अधिक होत्या. हा संबंध पुरुषांमध्ये जास्त ठळक होता. गप्प बसल्यामुळेच पाठ दुखली असे यावरून सिद्ध होत नाही, पण ताठ मान आणि आवळलेले स्नायू हे मूळ व्याख्येतच आहेत, हे लक्षात घेतले तर निष्कर्ष अगदीच अनपेक्षितही वाटत नाही.

मग शांत होण्यासाठी लागणारा खरा वेळ कसा असतो? सिअ‍ॅटलमध्ये गॉटमन यांनी केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. वाद सुरू होऊन पंधरा मिनिटे झाल्यावर संशोधकांनी जोडप्यांना थांबवले आणि उपकरणे दुरुस्त करायची आहेत असे सांगितले. तोवर त्या विषयावर बोलायचे नाही, मासिके चाळत बसायचे, एवढीच अट. अर्ध्या तासाने बोलणे पुन्हा सुरू झाले तेव्हा दोघांच्याही हृदयाची गती बरीच उतरलेली होती आणि तोच विषय आता अधिक सामंजस्याने बोलला जात होता. समुपदेशन नाही, उपदेश नाही. काम केले ते अर्ध्या तासाने आणि मासिकांनी.

यातली मासिके महत्त्वाची आहेत. खवळलेले शरीर मूळ पदावर यायला निदान वीस मिनिटे लागतात, असे या क्षेत्रात धरले जाते. पण ही वीस मिनिटे कशी घालवली यावर सगळे अवलंबून आहे. गच्चीवर फेऱ्या मारताना ‘तिने असं म्हटलंच कसं, आता मीही दाखवतो’ हीच टेप मनात वाजत राहिली, तर दोन तासांनीही नाडी उतरत नाही. शरीराच्या दृष्टीने ते भांडण चालूच असते. म्हणून या वेळात भांडणाशी संबंध नसलेले काहीतरी करावे लागते. भांडी घासणे, फेरफटका, गाणी, वर्तमानपत्र, संथ श्वास, काहीही चालते. नाडी मोजणे अवघड नाही. मनगटावर बोटे ठेवून पंधरा सेकंदांत पडणारे ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. पंधरा सेकंदांत पंचवीस ठोके म्हणजे मिनिटाला शंभर. मात्र एक व्यावहारिक अडचण आहे: भांडणाच्या भरात मनगट धरून बसायचे कोणाला सुचत नाही. त्याऐवजी कानशिले तापणे, जबडा आवळला जाणे, तेच वाक्य तिसऱ्यांदा बोलले जाणे, अशी स्वतःची खूण आधीच ओळखून ठेवलेली बरी.

ठाण्याच्या घरात तीच रात्र अशीही जाऊ शकते. तिने विषय काढल्यावर त्याचे डोके तापते, पण तो टीव्हीकडे न वळता म्हणतो, “माझं डोकं फिरलंय, आत्ता बोललो तर वाकडं बोलेन. मी खाली एक चक्कर मारून येतो. साडेदहाला बसू, पैशांचं बोलायचंच आहे.” तो खाली जातो, सोसायटीत दोन फेऱ्या मारतो, पानाच्या टपरीवर क्रिकेटचा स्कोअर पाहतो. साडेदहाला वर येतो आणि स्वतःच सुरुवात करतो, “तुला न सांगता दिले हे चुकलंच. पण तो अडचणीत होता, तेही ऐक.” ती अजून रागावलेलीच असते. विषय लगेच मिटत नाही. पण पुढच्या वेळी किती रकमेपर्यंत विचारल्याशिवाय द्यायचे, यावर बोलणे सुरू होते.

दोन्ही रात्री तो माणूस गप्पच झाला होता, खोलीतून निघूनही गेला होता. फरक तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही बाहेरून तपासता येतात. पहिला, जाताना काय सांगितले. उसंत घेणारा स्वतःच्या अवस्थेबद्दल बोलतो, ‘माझं डोकं फिरलंय’. भिंत घालणारा काहीच बोलत नाही, किंवा ‘तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाही’ असे समोरच्याबद्दल बोलून जातो. दुसरा, परतण्याची वेळ. ‘नंतर बघू’ ही वेळ नव्हे. वेळ वीस मिनिटांहून कमी नको आणि एका दिवसापलीकडे जाऊ नये, अशी मर्यादा गॉटमन सुचवतात. रात्रीचे दोन वाजले असतील तर ‘उद्या संध्याकाळी चहानंतर’ हेही चालते, फक्त ते उच्चारले जायला हवे. तिसरा फरक सर्वांत खात्रीचा: परत कोण आले, आणि विषयाकडे आले का? ज्याने वेळ मागितली त्यानेच बोलणे पुन्हा सुरू करायचे असते. हे ओझे दुसऱ्यावर टाकले की उसंत पुन्हा अबोल्यात जमा होते. चौथ्या दिवशी चहा मागून घर सुरू करणे म्हणजे परत येणे नव्हे, कारण विषय मागेच राहिलेला असतो.

इथे एक पळवाट आहे आणि ती सर्रास वापरली जाते. ‘मला स्पेस हवी’ हे वाक्य आता सर्वांना येते. प्रत्येक अडचणीच्या विषयावर ते म्हणायचे, आणि परतायचे कधीच नाही. नाव उसंतीचे, काम भिंतीचे. एका भांडणावरून हे ओळखता येत नाही. पाच-सहा प्रसंग आठवून पाहिले, की त्यांतले किती विषय पुन्हा बोलले गेले यावरून ते कळते. एकही नसेल, तर वेळ शांत होण्यासाठी मागितली जात नव्हती.

थांबणाऱ्या जोडीदाराच्या वाट्यालाही काम आहेच. वेळ मागितल्यावर मागोमाग स्वयंपाकघरात जाणे, दाराबाहेरून बोलत राहणे, एकामागून एक मेसेज टाकणे यांनी समोरच्याचे शरीर शांत होऊ शकत नाही. पण मागे न लागण्याचा संयम तेव्हाच टिकतो, जेव्हा ठरलेली वेळ आधी पाळली गेलेली असते. म्हणून हा करार भांडणात करायचा नसतो. एखाद्या निवांत रविवारी, दोघांचे बरे चाललेले असताना, कोणता शब्द किंवा खूण म्हणजे ‘थांबू या’ हे ठरवून ठेवायचे असते. सासू-सासरे आणि मुले असलेल्या छोट्या घरात जायला दुसरी खोली नसते, तेव्हा कोण खाली जाणार आणि कोण घरात राहणार हेही त्याच वेळी ठरवावे लागते. मुलाला निरोप्या बनवायचे नाही, हे कलम त्यात असलेच पाहिजे. ‘आईला सांग’ म्हणणाऱ्याला सोय वाटते, पण सात वर्षांच्या मुलीला ती दोन देशांमधली वकिली असते. शिवाय विषय काढण्याची पद्धतही बदलावी लागते. ‘तू नेहमी असंच करतोस’ या वाक्याला पोचपावती मिळणे कठीणच. ‘पैसे गेलेले मला मेसेजवरून कळले, त्याचं वाईट वाटलं’ या वाक्याला मिळू शकते.

या सगळ्या संशोधनाची एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. अभ्यासलेली जोडपी प्रामुख्याने अमेरिकन होती, दोघांचेच घर असलेली. जिथे घरात चार माणसांचे कान असतात आणि सुनेने उलट बोलू नये अशी अपेक्षा असते, तिथे बायकोचे गप्प बसणे हे भिंत घालणे नसून बोलायला जागाच नसणे असू शकते. तिच्या मौनाला स्टोनवॉलिंग म्हणणे अन्यायाचे ठरेल. तसेच मुळात सावकाश बोलणारी, विचार जुळवायला वेळ घेणारी माणसेही असतात. त्यांच्या गप्प बसण्यात मान ताठ नसते आणि ती विषयाकडे उशिरा का होईना परततात.

आणि एका परिस्थितीत वरचे काहीच लागू होत नाही. बोलले तर मार बसेल, वस्तू फेकल्या जातील, पैसे बंद होतील, या भीतीने कोणी गप्प असेल, तर तो स्वतःचा बचाव आहे. उलट बाजूने, आठवडेच्या आठवडे अबोला धरून जोडीदाराला पैसे, माहेरचा संपर्क किंवा घरातले साधे व्यवहार तोडणे हा छळाचा भाग असू शकतो. अशा घरात उसंतीचे नियम ठरवत बसण्याची वेळ नसते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५च्या कायद्यात शारीरिक मारहाणीबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो, आणि मदतीसाठी महिलांना १८१ या क्रमांकावर फोन करता येतो.